घासाघीस करायची की पावती घ्यायची?

बँकॉकला निघालेल्या मराठी घरात तिकीट, हॉटेल आणि जेवणाचा हिशेब काटेकोर मांडलेला असतो. खरेदीच्या ओळीसमोर मात्र एक गोल आकडा असतो: वीस हजार. परत येईपर्यंत त्याचे तीस कधी होतात, कळत नाही. त्यासाठी उधळपट्टी लागत नाही. भाव पाडून घेऊ, टॅक्सही परत मिळवू, बॅगेत बसवू आणि नाही बसलं तर पार्सल करू, असं सगळं एकाच वस्तूच्या बाबतीत जमेल असं आपण गृहीत धरतो. तिथल्या व्यवहारात या चार गोष्टी एकमेकींच्या आड येतात. म्हणून कोणती वस्तू कुठून घ्यायची, हे निघण्याआधीच ठरवावं लागतं.

माझी ठाण्याची नणंद हिशेबाला पक्की आहे. तिनेही वीस हजार बाजूला काढले होते. कार्डावरचे बँकेचे अधिभार आणि चलन बदलताना होणारी तूट धरून तिने एका बाथला सरळ तीन रुपये लावले. म्हणजे हातात झाले साधारण ६,६०० बाथ. तिला नातेवाइकांसाठी किडुकमिडुक वस्तू हव्या होत्या आणि स्वतःसाठी बेंजारोंगची भांडी. बेंजारोंग म्हणजे थायलंडची रंगीत, सोनेरी नक्षीची पोर्सिलेनची भांडी. एकेकाळी ती राजघराण्यासाठी बनत.

किडुकमिडुकासाठी चातुचाक गाठावं. शनिवार-रविवारी भरणारा हा बाजार एवढा मोठा आहे की आवडलेलं दुकान पुन्हा सापडेलच याची खात्री नाही. त्यामुळे ‘फिरून येतो’ ही आपली हुकमी धमकी तिथे आपल्यालाच महागात पडते. सकाळी लवकर जावं. एक तर ऊन कमी असतं, आणि दुसरं म्हणजे भवानीचं महत्त्व थाई दुकानदारही मानतात. पहिल्या विक्रीच्या नोटा मालावर टेकवणारे विक्रेते तिथे दिसतात. पहिलं गिऱ्हाईक शक्यतो परत जाऊ देत नाहीत.

घासाघिशीची रीत मात्र आपल्यापेक्षा वेगळी आहे. निम्म्या भावापासून सुरुवात करून आवाज चढवला की समोरचं हसू मावळतं आणि कॅल्क्युलेटर खाली ठेवला जातो. मग तो सौदा संपला. तिथे भाव कमी होतो तो नगावर. एक कापडी बटवा शंभरला असेल तर एकासाठी दहा बाथ सुटतील, पण सहा घेतो म्हटलं की बोलणं वेगळ्या पातळीवर जातं. प्रातुनाम भागातल्या कपड्यांच्या घाऊक बाजारात तर तीन नगांपासून दर वेगळा लागतो. म्हणून नणंदेने बटवे, साबण आणि किल्ल्यांच्या साखळ्या सात दुकानांतून एकेक न घेता दोनच दुकानांतून घेतल्या. सगळ्या नातलगांना जवळपास सारखीच भेट मिळाली आणि त्यामुळे रुसवेफुगवेही टळले, हा वरचा फायदा.

एक गोष्ट मात्र घासाघिशीने कितीही स्वस्त झाली तरी घेऊ नये: बुद्धाची मूर्ती किंवा नुसतं मस्तक. देशाबाहेर नेण्यासाठी तिथल्या ललित कला विभागाचा परवाना लागतो. विकणारा ते सांगेलच असं नाही, विमानतळावर मात्र अडवतात.

बेंजारोंगही चातुचाकला मिळतं. झाकणाचं एक भांडं आणि बश्यांसह दोन कप, असा संच नणंदेला ३,६०० बाथला द्यायला एक बाई तयार झाल्या. तसाच दिसणारा संच मॉलमध्ये ४,२८० ला होता. वरवर पाहता बाजार जिंकला. पण तिने बोट फिरवून पाहिलं. हाताने रंगवलेल्या बेंजारोंगवर रंग आणि सोनेरी रेषा किंचित उठलेल्या लागतात, आणि एका कपावरचं फूल दुसऱ्या कपावरच्या फुलाशी तंतोतंत जुळत नाही. बाजारातला संच बोटाला गुळगुळीत लागत होता आणि दोन्ही कप शिक्का मारल्यासारखे सारखे होते, म्हणजे छापील नक्षी. दुसरी परीक्षा कानाची. कप तळहातावर धरून नखाने टिचकी मारावी. अखंड कप खणखणतो, बारीक तडा असेल तर बद्द वाजतो. ही परीक्षा मॉलमध्येही करावी, तिथे कोणी रागावत नाही.

आता टॅक्सचं. थायलंडमध्ये व्हॅट ७ टक्के आहे आणि पर्यटकाला तो परत मिळतो, पण योजनेत नोंदलेल्या दुकानातूनच. एका दुकानात एका दिवशी किमान २,००० बाथची खरेदी हवी. त्याच दिवशी पासपोर्ट दाखवून पी. पी. १० नावाचा फॉर्म आणि मूळ टॅक्स पावती घ्यावी लागते. चातुचाकच्या बहुतेक गाळ्यांवर यातलं काही मिळत नाही, म्हणून तिथला भाव कमी असतो. जिथे भाव पडतो तिथे पावती नाही, आणि जिथे पावती आहे तिथे भाव पडत नाही.

परतावा नेमका किती, हे कागदावर मांडलं की उत्साह जरा ओसरतो. ४,२८० मध्ये व्हॅट धरलेलाच आहे. मूळ किंमत ४,००० आणि कर २८०. म्हणजे बिलाच्या सात नव्हे, साडेसहा टक्के. रोख परतावा घेतला तर त्यातून १०० बाथ शुल्क जातं. उरले जास्तीत जास्त १८०, आपले पाचशे चाळीस रुपये. प्रत्यक्षात याहून थोडे कमीच हातात पडतात. हीच खरेदी जेमतेम २,१४० ची असती तर कर १४० आणि हातात उरले असते फार तर ४० बाथ. तेवढ्यासाठी विमानतळावर रांगेत उभं राहायचं का, हे आधीच ठरवावं. माझं मत विचाराल तर चार हजारांच्या खाली नाद सोडावा.

परतावा घ्यायचाच असेल तर खरेदी एकवटावी. एका डिपार्टमेंट स्टोअरमधून, एकाच दिवशी आणि एकाच पासपोर्टवर. नवऱ्याची पावती बायकोच्या फॉर्मवर चढत नाही. खरेदीपासून ६० दिवसांच्या आत वस्तू स्वतःबरोबर देशाबाहेर न्यावी लागते. खरेदीची रक्कम मोठी असेल तर वस्तू कस्टम्सला दाखवावी लागते, म्हणून आधी तो काउंटर आणि मग चेक-इन. इथेच लोक फसतात. बॅग पट्ट्यावरून पुढे गेली की दाखवायला हातात काही उरत नाही. पैसे मिळण्याचा काउंटर इमिग्रेशनच्या पलीकडे असतो. तिथे वेळ लागतो, हे धरूनच हॉटेलातून निघण्याची वेळ ठरवावी.

बॅगेचं बजेट पैशांपेक्षा कडक असतं, कारण ते ताणता येत नाही. तिकिटावर २० किलो लिहिलेले असतील तर जाताना बॅग १३-१४ च्या वर जाऊ देऊ नये. जास्तीचं वजन लागणार असं वाटलं तर ते आधी ऑनलाइन घ्यावं. काउंटरवर तेच खूप महाग पडतं. फुटणारी वस्तू शक्यतो हातातल्या बॅगेत ठेवावी. तिथली मर्यादा बहुधा सात किलोंची असते, आणि आपण नेमकं त्यातच चार्जर, खाऊ आणि जड पर्स कोंबून आलेलो असतो.

चेक-इनच्या बॅगेत घालायचीच वेळ आली तर बॅगेवर लावलेल्या ‘फ्रॅजाइल’ चिठ्ठीवर भरवसा ठेवू नये. ती लावली म्हणून बॅग कोणी अलगद उचलत नाही. उलट अशी वस्तू प्रवाशाच्या जबाबदारीवर असल्याचं विमान कंपन्या लिहून घेतात. सोनेरी नक्षीला वर्तमानपत्र थेट लावू नये, आधी मऊ पातळ कागद. झाकण वेगळं गुंडाळावं, कपांच्या पोकळीत मोजे भरावेत, बश्या आडव्या न रचता उभ्या ठेवाव्यात, कारण आडव्या रचलेल्या बश्यांवर दाब आला की तळची आधी जाते. सगळं बॅगेच्या मधोमध ठेवून चारही बाजूंनी कपडे लावावेत. बॅग बंद करून हलवावी. आत काही सरकल्याचा आवाज आला तर पुन्हा उघडावी. तरीही नुकसान झालंच तर विमानतळ सोडण्याआधी लेखी तक्रार नोंदवावी. आंतरराष्ट्रीय प्रवासात नुकसानीच्या तक्रारीला सात दिवसांचीच मुदत असते.

राहिलं पार्सल. ‘घरपोच पाठवतो’ हे दुकानदाराचं वाक्य कानाला गोड लागतं. नणंदेलाही ते ऐकवलं गेलं. भांडी आणि बांधणी मिळून अडीच किलो भरत होती, पण फुटू नये म्हणून खोक्यात खोकं घालायचं, तर बाहेरचं खोकं ४० बाय ३० बाय ३० सेंटीमीटरचं. बहुतेक मोठ्या कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी आणि उंचीचा गुणाकार करून त्याला ५,००० ने भागतात आणि येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर त्याचे पैसे लावतात. ३६,००० भागिले ५,००० म्हणजे ७.२ किलो. अडीच किलोच्या वस्तूला सव्वासात किलोंचं भाडं. जितकी सुरक्षित बांधणी, तितकं भाडं जास्त.

हे झालं फक्त भाडं. पार्सलने पाठवलेली वस्तू तुम्ही बरोबर नेत नाही, म्हणून थायलंडचा व्हॅट परत मिळत नाही. बरोबरच्या सामानाला भारतात करमाफीची जी मर्यादा मिळते ती पार्सलला लागू होत नाही, म्हणून इकडे सीमाशुल्क आणि जीएसटी भरायचा, वर कुरिअरचं हाताळणी शुल्क. ओळखीचे कागद मागतात ते वेगळंच. विमा घ्यायचा तर चिनीमाती आणि काच त्यात येते का, हे आधी वाचावं. पुष्कळदा वगळलेली असते. कर वाचवायला किंमत कमी लिहिली तर भरपाईही तेवढ्याच रकमेची. आपली आई ‘भेटवस्तू’ असं लिहायला सांगेल, पण भारतात आता त्या शब्दाने कर चुकत नाही.

पार्सल परवडतं ते बॅगेत मावणारच नाही अशा, आणि ज्याला पर्याय नाही अशा वस्तूसाठी: मोठी फुलदाणी, दारावरची लाकडी कोरीव पट्टी. तेव्हा वस्तूची किंमत, भाडं, शुल्क आणि कर यांची बेरीज करून तो आकडा कागदावर वाचावा, आणि तेवढ्या पैशांत ती वस्तू मुंबईत कुठे मिळते का, हे फोन काढून बघावं.

नणंदेने मॉलमधला संच घेतला, ४,२८० ला. चातुचाकसाठी २,३०० उरले आणि ते सगळे खर्च झाले. संच हातातल्या बॅगेतून आला, शाबूत. परताव्याचे पैसे विमानतळावरच कॉफीत गेले, ते जमेला धरलेले नाहीत.

तुम्ही निघणार असाल तर एकच विनंती: मॉलमध्ये जायच्या दिवशी पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवू नका. फॉर्म त्याच दिवशी, पासपोर्ट दाखवूनच मिळतो.