आकडे वाचणारे बाबा

या अंकातल्या एका कथेत परदेशात नोकरी करणारी मुलगी व्हिडिओ कॉलवरून वडिलांकडून बंद पडलेल्या संगणकावर विंडोज नव्याने टाकून घेते. यातला तांत्रिक तपशील गाळला तरी बापलेकीचं नातं उरेलच, असा आक्षेप येईल. मला तो पटत नाही, कारण ते नातं त्या तपशिलातच उभं आहे. पेनड्राइव्हवरून इन्स्टॉलेशन सुरू झालं की मुलीला दुरून पडदा पाहता येत नाही; बाबा मोबाइल जिथे धरतील तेवढंच दिसतं. त्यात डिस्क निवडताना ‘सी’, ‘डी’ ही ओळखीची अक्षरं नसतात. असतात Drive 0 Partition 3 अशा ओळी आणि पुढे आकार. फोटो ‘डी’वर आहेत, एवढंच बाबांना ठाऊक. म्हणून ती म्हणते, “बाबा, काही दाबू नका, आधी आकडे वाचा.” 118 जीबीचा भाग विंडोजचा, 347चा फोटोंचा. चुकीची ओळ फॉरमॅट झाली तर फोटो गेलेच समजा, आणि माउस बाबांच्या हातात.

बॅकअप आधी का नाही, हा प्रश्न मात्र रास्त आहे. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडता आली असती. कथा त्याचा विचार करत नाही, ही तिची उणीव. तरीही आकडे वाचण्याचा तो प्रसंग वाचकांनी सावकाश वाचावा.