ओटीपी येतोय, तरीही सिम बंद! ९० दिवसांचा नियम नेमका काय?

अनेकांच्या फोनमधलं दुसरं सिम फक्त बँकेच्या ओटीपीसाठी असतं. मेसेज येतात, म्हणजे नंबर चालू आहे असा समज असतो. पण कंपनीच्या हिशेबात हे सिम 'न वापरलेलं' असू शकतं.

'ट्राय'च्या नियमानुसार, सलग ९० दिवस वापर झाला नाही तर प्रीपेड नंबर बंद करता येतो. आलेला किंवा केलेला कॉल, पाठवलेला एसएमएस आणि इंटरनेटचा वापर हे सगळं 'वापर' म्हणून धरलं जातं. आलेला एसएमएस मात्र या यादीत नाही. ओटीपी हा नेमका आलेला एसएमएसच असतो.

९० दिवसांनंतर मुख्य बॅलन्समध्ये २० रुपये किंवा जास्त असतील, तर नंबर लगेच बंद होत नाही. कंपनी २० रुपयांपर्यंत रक्कम कापून ३० दिवसांची मुदत वाढवते. समजा, शेवटचा कॉल १ जानेवारीला झाला आणि बॅलन्स ४५ रुपये आहे. मार्चअखेर ९० दिवस भरतील. मग दोनदा २० रुपये कापले जातील आणि नंबर मेअखेरपर्यंत टिकेल. उरलेल्या ५ रुपयांत पुढची मुदत मिळणार नाही. बंद झालेला नंबर परत सुरू करण्यासाठी १५ दिवसांची सवलत असते.

इथे एक गफलत होते. अमर्यादित कॉलचा पॅक मारला, तरी मुख्य बॅलन्समध्ये बहुतेक वेळा काहीच जमा होत नाही. त्यासाठी टॉकटाइमचं वेगळं रिचार्ज करावं लागतं.

नंबर बंद करण्यामागे कारण आहे. दहा अंकी नंबर मर्यादित आहेत, त्यामुळे पडून असलेले नंबर पुन्हा वापरात आणावे लागतात. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस कुणाला दिला जात नाही. त्यानंतर तो अनोळखी व्यक्तीकडे जाऊ शकतो आणि बँकेत तो बदललेला नसेल, तर ओटीपीही तिच्याकडे जातील.

म्हणूनच हा नियम बदलायला हवा. बँकेचा ओटीपी येणारा नंबर बेवारस नसतो. तो वापरात धरता येत नसेल, तर किमान बंद करण्याआधी ग्राहकाच्या पर्यायी नंबरवर सूचना देणं कंपन्यांना सक्तीचं असावं. ज्या सिमकडे कुणी बघतच नाही, त्याच सिमवर इशारा पाठवून काय उपयोग?

तोपर्यंत काय कराल?

- पॅकची मुदत संपू देऊ नका. ती संपली की कॉलच बंद होतात आणि वापर दाखवायची सोय उरत नाही.
- महिन्यातून एकदा त्या सिमवरून कॉल करा.
- मुख्य बॅलन्समध्ये २० रुपयांहून जास्त ठेवा.
- नंबर सोडायचाच असेल, तर आधी बँक, यूपीआय आणि ईमेलमधला नंबर बदला, मगच सिम काढा.