खुंटांचा हिशेब

पूर्वी दाढी वाढलेल्या माणसाला लोक कारण विचारत. श्रावण पाळतोय, तापाने पडलो होतो, घरात सुतक आहे, असं काहीतरी उत्तर मिळे आणि विषय संपे. आता विचारायची सोय उरली नाही. समोरचा छाती काढून सांगतो, "स्टाइल आहे." १९८४ साली अमेरिकेत 'मायामी व्हाइस' मालिका सुरू झाली, डॉन जॉन्सनच्या गालांवरचे खुंट लोकांनी मनावर घेतले, तेव्हापासूनचं हे खूळ. माझं भांडण खुळाशी नाही, चार दिवस दाढी टाळून त्या आळसाला स्टाइल म्हणणाऱ्यांशी आहे. खुंट राखणं हे रोज गुळगुळीत दाढी करण्याहून जास्त कटकटीचं काम आहे. ज्याला ती कटकट नको त्याने मुकाट्याने साबण फासावा.

हिशेब साधा आहे. दाढीचा केस दिवसाला मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त वाढतो. सोमवारी तीनवर कापलेली दाढी शुक्रवारी साडेचारच्या घरात जाते, म्हणजे दीडपट. एवढ्याने नेटका माणूस अंथरुणातून उठून आल्यासारखा दिसतो. म्हणून दर दोन-तीन दिवसांनी ट्रिमर फिरवायचाच. आणि मानेवर जिथे वस्तरा लावलाय, तिथे दुसऱ्याच दिवशी काळपट झाक येते. तिथे जवळजवळ रोज हात फिरवायला लागतो. आळशी माणसाला झेपणारं हे काम आहे का, सांगा.

माझ्या भाच्याचंच घ्या. साखरपुड्याच्या सकाळी साहेब आंघोळ करून ओल्या चेहऱ्यावर ट्रिमर घेऊन बसले. तीनचा कंगवा लावला आणि सगळीकडे एकदाच फिरवला. ओले केस चिकटून बसतात, ब्लेडला सापडत नाहीत. वाळले की उभे राहतात आणि मागे राहिलेले एकेक वर डोकावतात. दाढी कोरडी हवी, आणि हात उलटा हवा. गालावरचे केस खाली वळलेले, म्हणून तिथे खालून वर. गळ्यावर मात्र केस आडवे जातात, वर जातात, कुठे भोवराही असतो. तिथे बोट फिरवून बघायचं. ज्या दिशेने टोचतं, त्या दिशेने ट्रिमर न्यायचा. कंगवा सपाट टेकलेला हवा, तिरका धरला की आकडा तीनचा आणि कापणी भलतीच.

पण हे सगळं चोख करूनही त्याचा चेहरा विचित्रच दिसला असता. हनुवटी आणि मिशा काळ्याभोर, गाल फिकट. "मामा, सगळीकडे तीनच मारलंय!" म्हणे. तिथेच तर गोम आहे! हनुवटीवर केस दाट, गालावर विरळ. दोन्हीकडे एकच लांबी ठेवली की डोळ्याला ती एकसारखी दिसत नाही. विरळ जागेला तीन ठेवायचे आणि दाट जागेला दोन, मग कुठे रंग एकसारखा बसतो. फूटपट्टीची समानता आरशात उपयोगाची नसते. आधी चारवर सगळीकडे फिरवायचं, दोन पावलं मागे जाऊन बघायचं, मग जिथे काळं दिसतं तिथेच खाली उतरायचं. कापलेलं परत चिकटवता येत नाही.

आता त्याने केलेला खरा अपराध सांगतो, आणि तो अर्धा गाव करतो. त्याने गळ्याची रेघ थेट जबड्याच्या हाडावर आखली. समोरून बघताना जबडा कसा कोरीव वाटला! मान वर करून हसला, की हाडाखालची पांढरी पट्टी उघडी पडली आणि नसलेली दुसरी हनुवटी फोटोत हजर. रेघ कंठमण्याच्या वर बोट-दोन बोटं असते, तिथून कमान घेत कानामागे जाते. तिच्या खाली वस्तरा, तिच्या लगत वर एक-दीड मिलिमीटरची पट्टी, मग मूळ लांबी. अशी उतरत गेलेली दाढी कुठे संपते ते कळत नाही. गालावरची रेघ मात्र आखूच नका. वरचे चार चुकार केस काढा आणि थांबा. पट्टीने ओढल्यासारखी रेघ म्हणजे रंगवलेला गाल.

भाच्याला त्या दिवशी काही करता आलं नाही. मोडलेली रेघ खाली आणायची तर तिथे केस यायला आठवडा लागतो. त्याला म्हटलं, "एक तर वस्तऱ्याने सगळं साफ कर, नाहीतर मान खाली घालून फोटो काढ." तो म्हणाला, "मामा, तुम्ही ना!" आणि मान वर करूनच उभा राहिला. अल्बम अजून आमच्या बहिणीकडे आहे. आल्यागेल्याला ती तो कौतुकाने दाखवते.