‘आढळून येतो’ म्हणजे कोणी केला? : संशोधन वस्तीच्या पत्रकात आणताना

बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवरचा निबंध वाचला तो इंग्रजीत, विद्वानांसमोर. चार वर्षांनी ‘मूकनायक’ काढला तो मराठीत, आपल्या माणसांसाठी. ज्ञान दोन्हीकडे होतं, वाचक वेगळा होता. आज जातीवर भरपूर संशोधन होतं, पण ते वस्तीतल्या पत्रकात येतच नाही. आलं तर मूळ आशय सोडून येतं. हे कसं टाळायचं, ते एका उदाहरणावरून पाहू.

सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा नोकरीतल्या भेदभावाचा अभ्यास २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त आला. त्याचं सार विद्यापीठी मराठीत साधारण असं लिहिलं जातं:

“खासगी क्षेत्रातील ५४८ जाहिरातींना प्रतिसाद म्हणून पाठविण्यात आलेल्या ४,८०८ अर्जांच्या विश्लेषणातून, समान पात्रता असूनही दलित नामधारी अर्जदारांच्या बाबतीत सकारात्मक प्रतिसादाचा ऑड्स रेशो उच्चवर्णीय अर्जदारांच्या तुलनेत ०.६७ इतका आढळून येतो.”

पत्रकासाठी लिहिताना बहुतेक जण यातले अवघड शब्द काढून सोपे टाकतात आणि वाक्य तसंच ठेवतात. पण अडचण शब्दांपेक्षा वाक्यात जास्त आहे. ‘पाठविण्यात आले’, ‘आढळून येतो’ या रचनेत माणूसच दिसत नाही. अर्ज कोणी पाठवले? संशोधकांनी. ते बाजूला कोणी ठेवले? कंपन्यांनी. म्हणून पहिलं काम, प्रत्येक क्रियापदाला त्याचा कर्ता परत द्यायचा. भेदभाव पावसासारखा आपोआप पडत नाही, कोणीतरी तो करतं.

दुसरं काम आकड्याचं, आणि घात होतो तो इथेच. ०.६७ पाहून कोणी लिहितं, “दलितांना ६७ टक्के नोकऱ्या मिळतात.” कोणी लिहितं, “संधी बरोबर ३३ टक्क्यांनी कमी.” दोन्ही चूक. ऑड्स म्हणजे बोलावणं आलेल्या आणि न आलेल्या अर्जांचं प्रमाण. समजा, सवर्ण नावाच्या १०० अर्जांपैकी १० जणांना बोलावणं आलं, ९० जणांना नाही. हे प्रमाण १०ला ९०, म्हणजे ०.१११. त्याला ०.६७ ने गुणलं की ०.०७४ येतं, म्हणजे शंभरात साधारण ७ जण. पण सवर्णांतल्या ५० जणांना बोलावणं आलं असतं, तर त्याच ०.६७ ने दलितांचे सुमारे ४० झाले असते. म्हणजे आकडा एकच, अर्थ वेगळा. म्हणून पत्रकात ऑड्स रेशो लिहूच नये. ‘दहाच्या जागी सात’ असं उदाहरण द्यावं आणि ते समजावण्यासाठीचं आहे हेही सांगावं.

तिसरं काम मर्यादा सांगण्याचं. जागा वाचवायला आपण आधी तीच ओळ कापतो. हे अर्ज इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींना गेले होते, नोकऱ्या पदवीधर नवख्यांच्या होत्या, आणि मोजलं होतं फक्त पहिलं बोलावणं. मुलाखतीत पुढे काय होतं, पगार किती ठरतो, हे त्यात नाही. “खासगी क्षेत्रात दलितांना नोकरीच मिळत नाही,” असं या अभ्यासाच्या नावावर छापलं, तर विरोधक मूळ लेख उघडून आपल्यालाच खोटं पाडेल. मग खरा निष्कर्षही वाया जाईल.

हे सगळं सांभाळून पत्रकातला मजकूर असा होईल:

“नाव पाहून नोकरी? संशोधकांनी ५४८ खासगी नोकऱ्यांसाठी ४,८०८ अर्ज पाठवले. अर्जात जात लिहिली नव्हती, ती फक्त नावावरून कळत होती. शिक्षण सारखं असतानाही कंपन्यांनी दलित नावाच्या अर्जदारांना कमी वेळा बोलावलं. समजा, सवर्ण नावाच्या दहा जणांना बोलावणं आलं, तर तेवढ्याच अर्जांत दलित नावाच्या साधारण सात जणांना. मुस्लिम नावांना त्याहूनही कमी. हे फक्त पहिल्या बोलावण्याचं आहे, पुढची मुलाखत यात मोजलेली नाही. (थोरात व अॅटवेल, २००७)”

छापण्याआधी दोन तपासण्या कराव्यात. मजकुराचं एकेक वाक्य घेऊन मूळ लेखात त्याला आधार आहे का ते पाहावं. नसेल तर ते वाक्य आपलं मत आहे, ते वेगळ्या चौकटीत जावं. मग मजकूर वस्तीतल्या कोणाला तरी वाचून दाखवावा आणि “समजलं का?” असं न विचारता “आता तुम्ही सांगा, काय झालं?” असं विचारावं. उत्तर “दलितांमध्ये पात्रता कमी असते” असं आलं, तर ‘शिक्षण सारखं असतानाही’ हे शब्द पुरेसे ठळक झालेले नाहीत. ते वर आणावेत.

‘गुणवत्ता’ हा शब्द आपल्या पोरांच्या तोंडावर रोज फेकला जातो. त्याला उत्तर देणारा पुरावा इंग्रजी नियतकालिकात पडून राहिला, तर आपल्या काय कामाचा? तो सोपा करून लिहा, पण अचूक लिहा.

जय भीम.