रेल्वेची ‘सायको टेस्ट’ आणि बँकेची ‘पर्सनॅलिटी टेस्ट’: एकीची तयारी होते, दुसरीत खरं सांगावं लागतं

जव्हार आणि मोखाडा या दोन्ही तालुक्यांत रेल्वे स्टेशन नाही. गाडी पकडायची तर मोखाड्याकडची माणसं कसारा-इगतपुरी गाठतात आणि जव्हारकडची पालघर-डहाणू. तरीही आयटीआय झालेल्या इथल्या मुलामुलींसाठी रेल्वे भरती ही मोठी आशा असते, आणि त्यातलं एक मोठं पद म्हणजे असिस्टंट लोको पायलट, म्हणजेच सहायक इंजिनचालक. २०२५ च्या जाहिरातीत या पदाच्या ९,९७० जागा होत्या.

या भरतीत एक टप्पा असा आहे, जिथं आरक्षणाची सवलत थांबते. पहिल्या ऑनलाइन परीक्षेत पात्र ठरायला खुल्या गटाला किमान ४० टक्के लागतात आणि अनुसूचित जमातीला २५ टक्के. पण दोन ऑनलाइन परीक्षांनंतर येणाऱ्या सीबीएटी, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या अभियोग्यता चाचणीत सगळ्यांना एकच अट आहे. मुलं हिलाच ‘सायको टेस्ट’ म्हणतात. शिवाय हिचे प्रश्न फक्त हिंदी आणि इंग्रजीत असतात, मराठीत नाहीत.

या टेस्टमध्ये नेमकं काय मोजतात?

नाव ऐकून वाटतं की आपलं डोकं ठिकाणावर आहे की नाही ते तपासणार. तसं काही नाही. यात पाच छोट्या चाचण्या असतात: स्मरणशक्ती, सूचनांचं पालन, खोलीचा अंदाज, एकाग्रता आणि नजरेचा वेग. खोलीच्या अंदाजात विटांच्या रचनेचं चित्र देतात आणि एका विटेला किती विटा चिकटल्या आहेत ते विचारतात. मागं लपलेल्या विटा मनातल्या मनात मोजाव्या लागतात. इंजिनात बसलेल्या माणसाला सिग्नल, अंतर आणि वेग एकाच वेळी सांभाळायचे असतात. त्यासाठी लागणाऱ्या क्षमता इथं तपासल्या जातात.

४२ चा टी-स्कोअर म्हणजे ४२ टक्के नव्हे

पास होण्यासाठी पाचही चाचण्यांत प्रत्येकी किमान ४२ टी-स्कोअर लागतो. टी-स्कोअर तुमची तुलना इतरांशी करतो. सरासरी उमेदवाराला ५० धरतात, आणि तुम्ही सरासरीपासून किती वर किंवा खाली आहात त्यानुसार तो आकडा बदलतो.

समजा, एका चाचणीत सरासरी ३० उत्तरं बरोबर येतात आणि गुणांचा नेहमीचा फरक (प्रमाण विचलन) ५ आहे. हे ५ गुण म्हणजे टी-स्कोअरचे १०. तुमची २७ बरोबर आली, तर तुम्ही सरासरीच्या ३ गुण खाली, म्हणजे टी-स्कोअर ४४ आणि तुम्ही पास. २५ आली तर टी-स्कोअर ४० आणि तुम्ही बाहेर. म्हणजे फार हुशार असण्याची गरज नाही, पण सरासरीच्या फार खाली जाऊन चालत नाही.

खरा फटका ‘प्रत्येकी’ या शब्दात आहे. चार चाचण्यांत ६५ आणि पाचवीत ४० मिळवणारा उमेदवार बाद होतो. पाचही चाचण्यांत ४५ मिळवणारा पुढं जातो. पुढं गेल्यावर अंतिम यादीत दुसऱ्या ऑनलाइन परीक्षेच्या ‘भाग अ’ला ७० टक्के आणि सीबीएटीला ३० टक्के वजन असतं. म्हणून सरावाचा वेळ सगळ्यात कच्च्या चाचणीला द्यायचा.

हा सराव म्हणजे लबाडी नाही. नमुन्याचे प्रश्न रेल्वेच्याच आरडीएसओ या संस्थेच्या वेबसाइटवर (rdso.indianrailways.gov.in) आहेत. ते हिंदीतूनच सोडवा. सूचनांच्या चाचणीत एका शब्दाचा अर्थ चुकला तर अख्खं उत्तर चुकतं, आणि तिथं तुमची क्षमता कमी पडलेली नसते, भाषा कमी पडलेली असते. शक्य असेल तर मोबाइलऐवजी कॉम्प्युटरवर बसा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळं प्रश्न रिकामा ठेवू नका.

बँकेत मामला उलटा आहे

पदवीनंतर बँक पीओच्या परीक्षा देणाऱ्यांना दुसऱ्याच प्रकारची चाचणी भेटते. स्टेट बँक मुलाखतीच्या टप्प्यावर सायकोमेट्रिक चाचणी घेते आणि तिचे निष्कर्ष मुलाखत मंडळासमोर ठेवले जाऊ शकतात. आयबीपीएसनेही २०२५ पासून पीओ भरतीत पर्सनॅलिटी टेस्ट आणली.

अशा चाचणीत सहसा एकेक विधान देतात आणि तुम्ही किती सहमत आहात ते विचारतात. यात बरोबर-चूक उत्तर नसतं. शिस्त, लोकांत मिसळणं, जुळवून घेणं, ताण सोसणं, नवं स्वीकारणं असे कल त्यातून काढले जातात. ‘या प्रश्नाला हेच उत्तर लिहा’ अशा याद्या इंटरनेटवर फिरतात. त्यांचा उपयोग का होत नाही, हे चाचणी कशी बनते ते पाहिलं की कळतं.

एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत अनेकदा विचारलेली असते. ‘मला अनोळखी लोकांशी बोलायला आवडतं’ याला तुम्ही पूर्ण सहमती दिलीत आणि तीस प्रश्नांनंतर ‘घोळक्यात मी गप्प असतो’ यालाही दिलीत, तर विसंगती दिसते. काही विधानं तर सापळेच असतात. ‘मी आयुष्यात कधीच खोटं बोललो नाही’ याला ‘हो’ म्हणणारा साधुसंत ठरत नाही, तो स्वतःला रंगवून दाखवतोय असं धरलं जातं. भीतीपोटी सगळीकडे मधला पर्याय निवडला, तर तुमच्याबद्दल काहीच कळत नाही.

मग प्रामाणिक उत्तर द्यायचं कसं?

प्रामाणिक राहायचं म्हणजे त्या क्षणी जे वाटेल ते लिहायचं असं नाही. काही विधानं आपल्या आयुष्याशी जुळतच नाहीत. ‘मी पार्टीत पुढाकार घेतो’ हे वाचून वावर-वांगणीच्या मुलीनं काय लिहावं? आश्रमशाळेत शिस्तीत वाढलेल्या मुलाला ‘मी वरिष्ठांना प्रश्न विचारतो’ हे उद्धटपणाचं वाटू शकतं. अशा वेळी विधानामागचा कल ओळखा आणि आपल्याच आयुष्यातले दोन प्रसंग आठवा. वसतिगृहात पाणी आलं नाही तेव्हा अधीक्षकांकडे कोण गेलं? लावणीसाठी माणसं कुणी जमवली? दोन्ही वेळा तुम्हीच असाल तर ‘सहमत’ लिहा. एकदाच असाल तर ‘काहीसं सहमत’. एकदाही नसाल तर ‘असहमत’. हेच प्रसंग मुलाखतीत विचारले तरी तुमच्याकडे सांगायला असतात.

या चाचणीला भविष्यवाणी समजू नका. व्यक्तिमत्त्वाचा जो कल कामाशी सगळ्यात सातत्यानं जोडलेला दिसतो, तो म्हणजे शिस्तशीरपणा. त्याचाही कामगिरीशी संबंध संशोधनात ०.२ च्या आसपास येतो. सोप्या भाषेत, माणसामाणसांच्या कामात जो फरक दिसतो, त्यातला चारेक टक्केच यातून समजतो. उरलेला फरक प्रशिक्षण, साहेब, कामाची जागा, अनुभव अशा कितीतरी गोष्टींचा असतो.

म्हणून विटांच्या चाचणीत ४० आले तर पुढच्या भरतीपर्यंत विटा मोजायचा सराव करा. आणि व्यक्तिमत्त्वाच्या चाचणीत तुम्ही ‘अबोल’ निघालात, तर तो दोष समजून बदलायला जाऊ नका. शाखेत कर्जाचे कागद शांतपणे तपासायलाही माणूस लागतोच.