बाळ दूध टाकते, म्हणून घाबरायचे कधी?

दूध पाजून बाळाला खांद्यावर घेतले की ढेकरेबरोबर दुधाची गुळणी दुपट्ट्यावर येते. कधी ते पातळ दूध असते, कधी दह्यासारखे फाटलेले. फाटलेले दिसले की घरातल्या वडीलधाऱ्या म्हणतात, "दूध पचत नाही." आमचे म्हणणे उलटे आहे. पोटात गेलेले दूध जठररसामुळे फाटणारच. पचनाची ती पहिली पायरी आहे.

अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये स्नायूंचे एक कडे असते. ते वरचे तोंड बंद ठेवते. लहान बाळाचे हे कडे अधूनमधून सैल पडते. आहार सगळा पातळ आणि बाळ दिवसभर आडवे, म्हणून दूध वर येते. पहिल्या तीन महिन्यांत जवळपास निम्मी बाळे रोज गुळणी टाकतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास हा प्रकार सर्वांत जास्त असतो. मग बाळ बसू लागते, घट्ट खाऊ लागते, आणि वर्षाच्या आत बहुतेकांचे आपोआप थांबते.

"प्यायलेले सगळेच बाहेर आले," असे आया सांगतात. एकदा घरी करून पाहा: मोठा चमचाभर दूध दुपट्ट्यावर ओता. डाग केवढा पसरतो ते पाहिले की अंदाज येईल.

आमच्याकडे एका भगिनीने पत्रातून सारे तपशील कळवले, ते उपयोगी आहेत. बाळ आठ आठवड्यांचे, जन्माचे वजन तीन किलो, आता साडेचार. बाटलीचे दूध, दिवसातून आठ वेळा, दरवेळी 120 मिली. प्रत्येक वेळी गुळणी. बाळ हसते, खेळते, सात-आठ दुपटी ओली करते. दादी म्हणतात, डबा बदला. शेजारीण म्हणते, घुट्टी द्या.

आता हिशेब पाहू. 56 दिवसांत दीड किलो, म्हणजे दिवसाला साधारण 27 ग्रॅम. या वयात 20 ते 30 ग्रॅम वाढ चांगली मानतात. म्हणजे दूध अंगी लागते आहे. पण या वयाला दर किलोमागे दिवसाला सुमारे 150 मिली दूध पुरते. साडेचार किलोला 675 मिली. हे बाळ 960 मिली पीत आहे! पोट भरते आणि जास्तीचे बाहेर येते. दरवेळी 80 ते 90 मिली पुरेल. बाळाने तोंड फिरवले की बाटली संपवण्याचा आग्रह नको. भुकेजले वाटले तर थोडे थोडे, जास्त वेळा द्या. दूध पातळ किंवा दाट करू नका, डब्यावर लिहिलेले माप तसेच ठेवा. मध्येच एकदा ढेकर काढा, पाजल्यावर वीसेक मिनिटे उभे धरा. डबा बदलायची गरज नाही. घुट्टीने गुळणी थांबत नाही, आणि तिच्यात मध असेल तर वर्षाखालच्या बाळाला ती अजिबात नको.

अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध मात्र गुळणीसाठी तोडू नये.

झोपवायचे उताणेच, सपाट गादीवर, उशीशिवाय. उताण्या बाळाचे दूध श्वासनलिकेत जाईल ही भीती बहुतेक घरांत असते. पण उताणे असताना श्वासनलिका वरच्या बाजूला आणि अन्ननलिका खाली असते. वर आलेले दूध खालीच राहते. पालथे झोपवण्यात अचानक मृत्यूचा धोका वाढतो.

आता दुसरी बाजू. गुळणी ओघळते, उलटी जोराने फेकली जाते. दोन ते आठ आठवड्यांचे बाळ प्रत्येक वेळी पिऊन झाल्यावर हातभर लांब उलटी फेकत असेल, लगेच पुन्हा भुकेने रडत असेल आणि ओली दुपटी कमी होत असतील, तर जठराच्या खालच्या तोंडाचा स्नायू जाड होऊन वाट बंद होत आहे असा संशय घ्यावा. सोनोग्राफीत ते दिसते, आणि एका छोट्या शस्त्रक्रियेने वाट मोकळी होते. उशीर झाला तर बाळ सुकत जाते.

सर्वांत तातडीची खूण हिरवी उलटी. पिवळसर नव्हे, पालकासारखी हिरवी. ते पित्त असते. आतड्याला पीळ पडून त्याचा रक्तपुरवठा बंद पडत असू शकतो, आणि मग काही तासांत आतडे निकामी होते. नजर उतरवायची, दुआ पढून फुंकर घालायची, ते रिक्षात बसूनही करता येईल. रात्रीचे दोन वाजले असले तरी बालशस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठा. उलटीचे दुपटे धुऊ नका, डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या.

उलटीत किंवा शौचात रक्त, ताप, फुगलेले पोट, टाळू वर आलेली, बाळ मलूल, वजन वाढत नाही, किंवा गुळणीला सहा महिन्यांनंतर नव्यानेच सुरुवात झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.