विश्लेषण : नाडी नॉर्मल, म्हणजे हृदयही नॉर्मल? तरुण खेळाडूंच्या बाबतीत हा समज का धोक्याचा?

२६ जून २००३. फ्रान्समधील लिऑनमध्ये कॉन्फेडरेशन्स चषकाचा उपांत्य सामना सुरू होता. ७२व्या मिनिटाला कॅमेरूनचा २८ वर्षांचा फुटबॉलपटू मार्क-व्हिव्हियन फोए मैदानात कोसळला. कुणाशीही टक्कर झालेली नव्हती. तो वाचू शकला नाही. शवविच्छेदनात हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी हा आजार आढळला. यात बहुतेकदा आनुवंशिक दोषामुळे हृदयाच्या स्नायूची भिंत जाड होते.

नाडीवरून हे का कळत नाही?

नाडी किंवा स्मार्टवॉच फक्त ठोके मिनिटाला किती आणि किती नियमित पडतात, हे सांगते. भिंत किती जाड आहे, हे त्यातून कळत नाही. या आजारात विश्रांतीच्या वेळी ठोके अगदी नियमित असू शकतात. जोरात धावताना मात्र विस्कळीत स्नायूतून विजेचे संकेत भरकटतात, हृदय नुसते थरथरू लागते आणि रक्तपुरवठा थांबतो. कधी कधी हेच पहिले लक्षण ठरते.

खरी तपासणी कशी होते?

सुरुवात प्रश्नांनी होते. धावताना कधी चक्कर येऊन पडलात का? छातीत दुखले का? घरात कुणाचा पन्नाशीच्या आत अचानक मृत्यू झाला का? मग डॉक्टर स्टेथोस्कोपने हृदयाचा आवाज ऐकतात. या आजारातील असामान्य आवाज उभे राहिल्यावर वाढू शकतो.

पुढची पायरी १२ लीडचा ईसीजी. हा आजार असलेल्या बहुतेकांच्या ईसीजीत बिघाड दिसतो. घड्याळातला ईसीजी एकाच लीडचा असतो, त्यामुळे तो पुरेसा नाही.

शंका आल्यास इकोमध्ये भिंत मोजतात. साधारण १२ मिलिमीटरपर्यंत जाडी ठीक, १५ किंवा अधिक असल्यास आजाराचा संशय. अडचण १३-१४ची आहे, कारण कठोर सरावानेही भिंत एवढी जाड होऊ शकते. अशा वेळी एमआरआय करतात किंवा काही महिने सराव थांबवून पुन्हा मोजतात. सरावामुळे वाढलेली जाडी ओसरते, आजाराची सहसा ओसरत नाही.

मग तपासणी झाली की निश्चिंत?

नाही. इंग्लंडमध्ये १९९६ ते २०१६ या काळात ११,१६८ किशोरवयीन फुटबॉलपटूंची ईसीजी आणि इकोसह तपासणी झाली. ४२ जणांमध्ये अचानक मृत्यूचा धोका असलेले हृदयविकार सापडले. पण पुढे हृदयविकाराने दगावलेल्या ८ जणांपैकी ६ जणांचे अहवाल नॉर्मल होते. काही आजार वयानुसार उशिरा प्रकट होतात. म्हणून एकदाच केलेली तपासणी पुरत नाही.

आणि खेळता खेळता शुद्ध हरपली असेल, तर 'नाडी ठीक आहे' म्हणून खेळाडूला पुन्हा मैदानात पाठवू नये. आधी हृदयरोगतज्ज्ञांकडे न्यावे.